रेषा सरळ राहते तेव्हा, आणि वर वळते तेव्हा

टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असते. अंधारात त्यावर अतिनील दिवा धरला की ते निळे चमकते, आणि त्यात मीठ विरघळवले की ती निळाई उतरते. मिठातले क्लोराइड आयन क्विनीनची प्रतिदीप्ती शमवतात, म्हणून त्यांना शामक म्हणायचे.

हे शमन मोजायची रीत ऑटो श्टेर्न आणि माक्स फोल्मर यांच्या १९१९ च्या कामातून आली. मीठ नसतानाच्या उजेडाला मीठ असतानाच्या उजेडाने भागायचे. तो भागाकार उभ्या अक्षावर आणि शामकाची संहती आडव्या अक्षावर मांडायची. क्विनीनचे बिंदू १ पासून निघून सरळ रेषेत चढतात:

F₀/F = 1 + K[Q]

प्रकाश शोषून उत्तेजित झालेला क्विनीनचा रेणू आम्लात सरासरी सुमारे २० नॅनोसेकंद तसाच राहतो. तेवढ्यात क्लोराइड येऊन धडकला, तर उजेड न देताच तो शांत होतो. क्लोराइड दुप्पट केले की धडकांचा वेगही दुप्पट होतो, म्हणून रेषा सरळ येते.

पण सरळ रेषा पाहून लगेच ‘धडक’ म्हणू नये. शामकाने रेणूशी आधीच जोडी जमवली आणि ती जोडी मुळी चमकतच नसली, तरी हुबेहूब अशीच रेषा मिळते. रेषा एवढेच सांगते की वाट बहुधा एकच आहे आणि सगळे रेणू शामकासमोर सारखेच उघडे आहेत. कोणती वाट, हे उत्तेजित रेणूंच्या आयुर्मानावरून कळते. धडकांमुळे आयुर्मान उजेडाइतक्याच प्रमाणात घटते. जोडीच्या वाटेत मात्र मोकळे उरलेले रेणू आपले पूर्ण आयुष्य जगतात.

दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असल्या, तर दोन्हींचे परिणाम एकमेकांना गुणतात आणि रेषा वर वळते. समजा धडकेचा स्थिरांक १० आणि जोडीचा २ आहे. संहती ०.१, ०.२ आणि ०.३ मोलर ठेवली, तर भागाकार २.४, ४.२ आणि ६.४ येतात, म्हणजे प्रत्येक पायरी आधीपेक्षा उंच. त्याच द्रावणांत आयुर्मानाचे गुणोत्तर मात्र २, ३, ४ असे सरळच राहते. त्याने भागले की १.२, १.४, १.६ उरतात, आणि हा जोडीचा वाटा.

वळण कधी कधी खोटेही असते. शामक स्वतःच दिव्याचा किंवा चमकेचा प्रकाश शोषत असेल, तर उजेड विनाकारण कमी दिसतो आणि आलेख वर झुकतो. क्लोराइड त्या तरंगलांबीला प्रकाश शोषत नाही. रंगीत शामकांबाबत ही दुरुस्ती केलीच पाहिजे. दुरुस्तीनंतरही वळण टिकले, तरी खरी जोडी जमली असेलच असे नाही. उत्तेजनाच्या क्षणी शामक नुसता शेजारी असला, तरी तो रेणू तत्काळ विझतो. जोडी खरी असेल, तर रेणूचा शोषण वर्णपट बहुतेकदा बदलतो. म्हणून निष्कर्ष लिहिण्याआधी तो वर्णपट जरूर पाहावा.