आकाश आठ भागांत मोजताना: फोटो, वर्तुळं आणि बदलापूरचं क्षितिज

या भागात बोलताना मी बरेचदा 'इथे आकृती डोळ्यांसमोर आणा' असं म्हटलंय. कानाने ते नीट पोचत नाही, म्हणून तोच विषय इथे जरा सावकाश लिहून काढतोय. विषय आहे आकाशात ढग किती आहेत ते फोटोवरून मोजण्याचा.

हवामानाच्या नोंदीत ढग टक्क्यांत लिहीत नाहीत, ऑक्टात लिहितात. आख्ख्या आकाशाचे आठ भाग धरायचे आणि त्यातले किती झाकलेत ते सांगायचं. 0 म्हणजे निरभ्र, 8 म्हणजे पूर्ण झाकोळलेलं. पण टोकांना एक नियम आहे. कोपऱ्यात कापसाचा एक पुंजका जरी असला तरी 0 लिहायचा नाही, 1 लिहायचा. आणि एक छोटी फट जरी निळी दिसली तरी 8 नाही, 7. धुक्यामुळे आकाशच दिसत नसेल तर 9. हिवाळ्यात पहाटे उल्हास नदीच्या काठी असा 9 सहज मिळू शकतो.

भारतीय हवामान विभागाच्या अंदाजातले शब्दही यावरच बेतलेले असतात. 1-2 ऑक्टा म्हणजे 'मुख्यतः निरभ्र', 3-4 म्हणजे 'अंशतः ढगाळ'. म्हणजे 2 आणि 3 मध्ये गोंधळ झाला की शब्दच बदलतो. पाऊस किती पडेल ते मात्र ऑक्टा सांगत नाही. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. तो दिवस आणि नुसत्या रिमझिमीचा दिवस, दोन्हीकडे आकडा 8 च येऊ शकतो.

आता फोटोकडे येऊ. गच्चीवर जाऊन फोन सरळ वर धरला, अल्ट्रावाइडने फोटो काढला, ढगांचे पिक्सेल मोजले, झालं काम? नाही होत. अल्ट्रावाइडचा जाहिरातीतला 120 अंशाचा कोन हा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो. असा फोटो डोक्यावरचं जेमतेम 40 टक्के आकाश पकडतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश व्यापते. क्षितिजापासून वर अशा तीन मुठी मोजा. त्या पट्ट्यात, म्हणजे 30 अंशांच्या खाली, अख्खं अर्धं आकाश असतं. डोक्यावरचा भाग मोठा वाटतो, पण खरी जागा खाली पसरलेली असते, आणि आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी ढगही तिथेच, पूर्वेला घाटाच्या बाजूला जमतात.

म्हणून फोनवर चिमट्याने बसणारी फिशआय लेन्स लावायची. त्यात आकाश एका गोल चकतीत येतं: मध्यभागी डोक्यावरचा बिंदू, कडेला क्षितिज. पण चकतीतही पिक्सेल सारखे वाटलेले नसतात. साध्या फिशआयमध्ये मध्यापासूनचं अंतर कोनाच्या प्रमाणात वाढतं, आणि त्यामुळे क्षितिजाजवळच्या पट्ट्याला त्याच्या हक्कापेक्षा जास्त पिक्सेल मिळतात. सरळ पिक्सेल मोजले तर क्षितिजावरचे ढग फुगतात.

यावर उपाय म्हणजे चकतीचे असे तुकडे पाडायचे की प्रत्येकात आकाशाचा सारखाच वाटा येईल. डोक्यापासून θ कोनापर्यंतचं आकाश एकूण आकाशाच्या `1 - cos(θ)` इतकं असतं. हे एक तृतीयांश होतं 48.2 अंशांवर आणि दोन तृतीयांश 70.5 अंशांवर. तिथे दोन वर्तुळं काढा, म्हणजे तीन पट्टे झाले. मग दिशांप्रमाणे आठ फाका करा. एकूण 24 घरं, प्रत्येकाचा वाटा समान. मला ही मांडणी आवडते, कारण एक घर म्हणजे बरोबर एक तृतीयांश ऑक्टा. सगळ्या घरांतला ढगांचा अंश जोडा, तीनने भागा, संपलं.

```python
y, x = np.mgrid[0:h, 0:w]
r = np.hypot(x - cx, y - cy) / R      # r > 1: frame
theta = np.radians(90 * r)
ring = np.floor(3 * (1 - np.cos(theta)))
az = np.degrees(np.arctan2(cx - x, cy - y)) % 360
sector = np.floor(az / 45)
```

`cx - x` मुद्दाम उलटं लिहिलंय. वर बघून काढलेल्या फोटोत उत्तर वरती ठेवली की पूर्व डावीकडे येते, नकाशाच्या उलट. हे विसरलं तर ऑक्टा बरोबरच येतो, पण घाटावरचे ढग मलंगगडावर दिसायला लागतात.

आता एक उदाहरण सोडवू. आकडे सोयीसाठी घेतलेत, पण ऑक्टोबरमधल्या आपल्याकडच्या दुपारचं चित्र असंच असतं. आतल्या आठ घरांत फक्त एकाचा पाचवा हिस्सा ढग, बेरीज 0.2. मधल्या पट्ट्याची बेरीज 1.2. बाहेरच्या पट्ट्यात दोन घरं शेजारच्या टॉवरमागे गेलीत, उरलेल्या सहांची बेरीज 4.2. झाकलेली घरं शून्य धरायची नाहीत, आणि सगळ्या आकाशाची सरासरीही त्यांना लावायची नाही, कारण क्षितिजाजवळचं आकाश डोक्यावरच्यासारखं नसतं. त्याच पट्ट्याची सरासरी घ्यायची: 4.2 भागिले 6 म्हणजे 0.7, आठ घरांचे 5.6. एकूण 7.0, भागिले तीन, 2.33. नोंद 2 ऑक्टा, 'मुख्यतः निरभ्र'. याच फोटोत टॉवरचे पिक्सेल वगळताना पट्ट्यांची हीच सरासरी वापरली, पण पट्ट्यांना पिक्सेलच्या प्रमाणात वजन दिलं, तर 2.61 येतं. नोंद 3, 'अंशतः ढगाळ'. आणि अल्ट्रावाइड वर धरून काढलेल्या फोटोवर विसंबलो असतो तर जवळजवळ काहीच ढग दिसले नसते, फार तर 1.

मात्र स्वस्त लेन्स 'कोनाच्या प्रमाणात' हा नियम पाळतेच असं नाही. तपासायला सोपं आहे. फोन टेबलावर आडवा ठेवा, लेन्सपासून 1 मीटर बाजूला आणि 1 मीटर वर एक खूण करा. ती 45 अंशांवर आहे, म्हणून फोटोत त्रिज्येच्या बरोबर अर्ध्यावर यायला हवी. नसेल तर दोन्ही वर्तुळांची जागा आधी सरकवावी लागेल.

खरी डोकेदुखी म्हणजे कुठला पिक्सेल ढगाचा हे ठरवणं. निळ्या आकाशात लाल रंग कमी असतो, ढगात लाल आणि निळा जवळपास सारखे. म्हणून लाल भागिले निळा काढतात आणि 0.6 च्या आसपासची मर्यादा लावून बघतात. त्यासाठी एचडीआर बंद आणि व्हाइट बॅलन्स एकाच जागी लॉक हवा, नाहीतर रोज मर्यादा बदलत राहील. तरीही दोन ठिकाणी फसगत होते. सूर्याभोवतीचं आकाश पांढुरकं होऊन ढगासारखं वाटतं. आणि हिवाळ्यात अंबरनाथ-बदलापूरवर जो धुरकट थर बसतो, तो बाहेरच्या पट्ट्यात सरळ 'ढग' म्हणून मोजला जातो. ओळखायची खूण अशी: धुरकं आठही दिशांना जवळपास सारखं असतं आणि त्याला कडा नसते, वर जाता जाता ते विरत जातं. बाहेरच्या आठही घरांत 0.9 आणि मधल्यांत शून्य आलं, तर संगणकावर विश्वास ठेवण्याआधी स्वतः वर बघा.

पडताळणीसाठी वेळ निवडायचीच तर सकाळी 8:30 आणि संध्याकाळी 5:30 बरी, वेधशाळांच्या मुख्य नोंदी त्याच वेळेला होतात. आधी डोळ्याने आकडा लिहायचा, मग फोटो चालवायचा. उलट केलं की डोळा फोटोचं ऐकायला लागतो. दोघांत एका ऑक्टाचा फरक आला तर सोडून द्या, दोन अनुभवी निरीक्षकांतही तेवढा पडतो. दोन किंवा जास्त आला तर सगळ्यात आधी बाहेरचा पट्टा उघडून बघा.