जंभेरीचा काटा आणि धनुर्वात

शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांमध्ये जंभेरीवर संत्र्याचा डोळा बांधताना काटा बोटात खोल जातो. वरून जखम मिटते, आत हवा पोचत नाही. माती-शेणखतातल्या धनुर्वाताच्या जंतूंना तेच हवे असते. त्यांचे विष मज्जातंतूंतून मज्जारज्जूपर्यंत चढते आणि स्नायूंना आवर घालणारा निरोप अडवते. मग आधी जबडा आखडतो, पुढे पाठ ताठ होते. म्हणून काटा पूर्ण काढा, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा. तीत शेण-माती भरू नका. हे विष इतक्या अल्प मात्रेत बाधते, की आजारातून उठलेल्यालाही प्रतिकारशक्ती येत नाही. ती लशीनेच येते, पण हळूहळू ओसरते. त्यामुळे दर 10 वर्षांनी टीडीचा डोस घ्या. जखम मळकी असेल आणि शेवटच्या डोसला 5 वर्षे उलटली असतील, तर लगेच दवाखाना गाठा.