गट-अहवालाचा पहिला संदेश

गटाने मिळून लिहायच्या अहवालात सर्वांत आधी जाणारा संदेश तीन गोष्टी ठरवतो: कोणता भाग कोण लिहिणार, आकडे कुठे ठेवायचे आणि कोणते काम कधीपर्यंत व्हायचे. समजा, भूगोलाच्या चार विद्यार्थ्यांनी एका गावातल्या 24 विहिरींच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, मोजले आहे. अहवाल 30 मार्चला द्यायचा आहे.

प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष आणि चर्चा असे चार भाग चौघांत वाटून टाकले की काम सरळ झाले असे वाटते, पण ते फसवे असते. प्रस्तावना आजच लिहिता येते. चर्चा मात्र तक्ते तयार होईपर्यंत सुरूच होत नाही, कारण 500 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादा किती विहिरी ओलांडतात, हे आधी कळावे लागते. म्हणून संदेशात कामाचा क्रमही यावा. पद्धत लिहिण्याचे काम विहिरींवर प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्याकडेच द्यावे. प्रस्तावना लिहिणाऱ्याचे काम लवकर संपते, तेव्हा सगळे भाग जोडून भाषा एकसारखी करणे त्याच्याकडे सोपवले तर वाटणी न्याय्य होते.

खरा घोळ फायलींत होतो. चौघांनी एकच एक्सेल फाईल आपापल्या फोनवर उतरवून दुरुस्त केली, तर दोन दिवसांत चार वेगवेगळे तक्ते तयार होतात. यासाठी सामायिक ड्राइव्हवर मूळ नोंदींची फाईल फक्त वाचण्यापुरती खुली ठेवावी आणि दुरुस्त्या तिच्या प्रतीत एकानेच कराव्यात. नावात तारीख वर्षापासून लिहावी, उदाहरणार्थ `vihir_tds_2025-03-12.xlsx`. मग फायली आपोआप क्रमाने लागतात. तक्त्यातल्या तारखाही तपासाव्यात. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 03/04 ही नोंद 3 एप्रिलऐवजी 4 मार्च होते आणि 25/02 सारखी नोंद तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून राहते. तारखांच्या रकान्यात काही नोंदी डावीकडे आणि काही उजवीकडे सरकलेल्या दिसल्या, की हा घोटाळा झाला असण्याची दाट शक्यता असते.

मुदती शेवटापासून मागे मोजाव्यात. संदेशातला हा भाग असा लिहिता येईल:

“12 मार्चला आकडे गोठवू, त्यानंतर बदल करायचा तर चौघांना कळवून. 17 ला तक्ते आणि निष्कर्ष, 21 ला चर्चा. 24 ला सगळे एकत्र जोडून 25 ला सरांना वाचायला देऊ. कोणाची त्या आठवड्यात परीक्षा असेल तर उद्या रात्रीपर्यंत सांगा, अदलाबदल करू.”

सरांनी सुचवलेल्या दुरुस्त्यांसाठी यात पाच दिवस उरतात. तक्ते एक-दोन दिवस लांबले तरी ते त्यातूनच भागते. आकडेच 20 तारखेपर्यंत हलत राहिले तर भागत नाही.

उत्तर न देणाऱ्याची संमती गृहीत धरू नये. त्याला फोन करून विचारावे आणि ठरलेली वाटणी गटाच्या वर पिन करून ठेवावी.