फोटोचा पत्ता आपल्या हातात हवा

२०१७च्या उन्हाळ्यात ईबे आणि अ‍ॅमेझॉनवरच्या अनेक विक्रेत्यांचे फोटो एकाएकी गायब झाले. त्या जागी पैसे भरण्याची सूचना झळकू लागली. वस्तू होत्या, किमती होत्या. बदलल्या होत्या फक्त फोटोबकेट या साइटच्या अटी. तिथे ठेवलेला फोटो दुसऱ्या साइटवर दाखवायचा, तर आता वर्षाला सुमारे ४०० डॉलर मोजायचे होते.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. समजा, येवल्याच्या एका दुकानदाराने चाळीस पैठण्यांची एक्सेल शीट भरली आणि फोटोच्या रकान्यात गूगल ड्राइव्हच्या शेअर लिंक टाकल्या. चाळीसच्या चाळीस ओळी परत येऊ शकतात. कारण त्या लिंकवर फोटो नसतो, फोटो दाखवणारं पान असतं. आपल्याला त्यात साडी दिसते. फोटो उचलायला आलेल्या बाजारपेठेच्या सर्व्हरच्या हाती मात्र पानाचा कोड लागतो. खात्री करायची, तर लिंक इनकॉग्निटो विंडोमध्ये उघडा. लॉगिन न मागता नुसतं चित्र दिसलं पाहिजे. कमांड वापरता येत असेल तर:

```
curl -I https://img.example.com/pt104-1.jpg
```

उत्तरात `200` आणि `content-type: image/jpeg` हवं. तिथे `text/html` आलं, तर ते पान आहे, फोटो नाही.

शीट स्वीकारली गेली म्हणजे काम संपलं, असं मात्र समजू नका. काही बाजारपेठा फोटोची प्रत स्वतःकडे घेतात, तीही रांगेत, सवडीने. काही ठिकाणी फोटो तुमच्याच लिंकवरून दाखवला जातो. म्हणून अपलोड झाल्यावर मूळ फोटो काढून टाकू नयेत. लिंकमध्ये `X-Amz-Expires` दिसलं तर ती मुदतीची लिंक आहे. अ‍ॅमेझॉनच्या एस३ साठवणीत अशी लिंक जास्तीत जास्त सात दिवस चालते. शीटमध्ये ती टाकूच नये.

माझ्या मते खरा उपाय एकच: पत्ता स्वतःच्या डोमेनचा ठेवायचा, उदाहरणार्थ `img.` ने सुरू होणारा. फोटो प्रत्यक्षात कुठल्याही कंपनीच्या साठवणीत असोत. उद्या तिचे दर वाढले, तर फाइली त्याच नावांनी दुसरीकडे न्यायच्या आणि डोमेनची नोंद तिकडे वळवायची. शीटमधली एकही लिंक बदलावी लागत नाही.

फाइलचं नाव साडीच्या कोडवरून, छोट्या इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता द्या. फोटो बदलला, तर जुन्यावर नवा चढवू नका. बाजारपेठेकडे जुनीच प्रत राहण्याचा संभव असतो. `pt104-1-v2.jpg` असं नवं नाव देऊन शीट पुन्हा चढवा आणि नवा फोटो दिसेपर्यंत जुना राहू द्या.

आणि डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय आजच करा. ते चुकलं, तर फोटो जागेवर असूनही सगळ्या लिंक एकदम बंद पडतात.