तीस अंशांचा कोन हवेला चालत नाही

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात एक आकृती हमखास भेटते. एका खिळ्याला दोन दोरे, दोऱ्यांच्या टोकांना दोन गोळे आणि दोघांवर सारखाच प्रभार, त्यामुळे एकमेकांपासून दूर सरकलेले. दोरा उभ्या रेषेशी 30 अंशांचा कोन करतो, प्रभार काढा. मुलं तो काढतातही. प्रत्यक्षात गोळे टांगले, तर हा कोन दिसेल का?

थर्माकोलच्या एक सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्या घ्यायच्या आणि त्यांना स्वयंपाकघरातली चंदेरी फॉइल गुळगुळीत गुंडाळायची. एका गोळीचं वजन साध्या काट्यावर कळत नाही. अशा दहा गोळ्या सोनाराच्या काट्यावर ठेवल्या आणि अर्धा ग्रॅम भरल्या, असं धरू. म्हणजे एक गोळी 50 मिलिग्रॅमची. त्यातल्या दोन गोळ्या 50 सेंटिमीटर लांबीच्या बारीक नायलॉन दोऱ्यांनी एकाच बिंदूतून सोडायच्या. सुती दोरा नको, तो दमट हवेत ओलावा धरतो आणि प्रभार त्यातून निघून जातो. पीव्हीसीचा पाइप लोकरीवर घासून चिकटलेल्या जोडीला लावला की गोळ्या फाकतात. मधलं अंतर मोजायला पट्टी जवळ नेली तर गोळ्या तिच्याकडेच ओढल्या जातात. त्यापेक्षा लांबच्या दिव्याने मागच्या कागदावर सावली पाडून खुणा कराव्यात.

समजा, दोन केंद्रांमध्ये 6 सेंटिमीटर अंतर आलं. म्हणजे प्रत्येक गोळी मधल्या रेषेपासून 3 सेंटिमीटर सरकली. गोळीवर तीन बलं आहेत: खाली वजन, बाजूला प्रतिकर्षण आणि दोऱ्याच्या दिशेने ताण. गोळी स्थिर आहे, तेव्हा ताणाचा उभा भाग वजन पेलतो आणि आडवा भाग प्रतिकर्षण. या दोन्हींचा भागाकार केला की ताण गणितातून निघूनच जातो. उरतं ते इतकंच:

tan θ = F / mg

इथे sin θ म्हणजे 3 भागिले 50, अर्थात 0.06. कोन जेमतेम साडेतीन अंशांचा, आणि tan θ सुद्धा जवळपास 0.06 च. म्हणून प्रतिकर्षण वजनाच्या सहा टक्के, म्हणजे 3 मिलिग्रॅमच्या भाराइतकं. न्यूटनमध्ये ते सुमारे 0.00003. आता कूलॉमचा नियम, F = kq²/r². त्यात k = 9 × 10⁹ आणि r = 0.06 मीटर घातलं की q येतो सुमारे 3.4 नॅनोकूलॉम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण तो दोन हजार कोटींहून जास्त इलेक्ट्रॉनांचा प्रभार आहे.

एक गोष्ट मात्र इथे गृहीत धरली आहे, ती म्हणजे दोन्ही गोळ्यांवरचा प्रभार सारखा आहे. एकीवर जास्त असता तर ती जास्त सरकली असती, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. दोघींवरचं बल सारखंच असतं, म्हणून वजनं सारखी असतील तर कोनही सारखेच. कोनावरून फक्त दोन प्रभारांचा गुणाकार कळतो, वाटणी कळत नाही. म्हणूनच प्रभार देताना गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या असाव्या लागतात. सारख्या आकाराच्या, फॉइल लावलेल्या गोळ्या तो आपसात निम्मा-निम्मा वाटून घेतात.

आता 30 अंशांकडे वळू. याच गोळ्या तेवढ्या फाकवायच्या तर मधलं अंतर 50 सेंटिमीटर होईल आणि प्रत्येकीवर जवळजवळ 90 नॅनोकूलॉम लागतील. समीकरण हे उत्तर बिनतक्रार देतं. हवेचं मात्र तसं नाही. विद्युतक्षेत्र मीटरला 30 लाख व्होल्टच्या आसपास गेलं की हवा वाहक होऊ लागते आणि प्रभार निसटतो. अर्धा सेंटिमीटर त्रिज्येच्या गोळीवर ही मर्यादा सुमारे 8 नॅनोकूलॉमलाच येते. त्यामुळे पाइप कितीही घासा, या गोळ्या जेमतेम 11 सेंटिमीटरपर्यंत फाकतील. फॉइलला टोकदार सुरकुती राहिली तर तेवढ्याही नाहीत. मोठा कोन हवाच असेल तर दोरा आखूड करावा, गोळी हलकी घ्यावी.

प्रभारावरून कोन काढायचा झाला तर गणित थोडं अडतं, कारण कोन बदलला की अंतर बदलतं आणि अंतराबरोबर बलही. पण कोन लहान असेल तर r³ हा q² च्या प्रमाणात असतो, एवढं धरून काम भागतं. प्रभार दुप्पट झाला तरी अंतर दुप्पट होत नाही, सुमारे 1.6 पट होतं.

हाच नियम गळती मोजायलाही कामी येतो. कोकणातल्या पावसाळी हवेत गोळ्या बघता बघता जवळ येऊ लागतात, कोरड्या हिवाळ्यात बराच वेळ फाकलेल्या राहतात. घड्याळ लावून सावली बघत राहायचं: 6 सेंटिमीटरचं अंतर 3.8 वर आलं की प्रत्येक गोळीवरचा अर्धा प्रभार गेलेला असतो.