एकाच झोक्याची तीन मोजमापं

कर्विन, ह्यूल्समन आणि न्यूकॉम्ब या तिघांनी 1967 मध्ये एका फिल्टरची रचना प्रसिद्ध केली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ती आजही ‘केएचएन’ म्हणून ओळखली जाते. तिचं दुसरं नाव स्टेट-व्हेरिएबल फिल्टर. सिग्नल आत सोडला की तीन ठिकाणांहून तीन वेगवेगळे आवाज एकाच वेळी मिळतात: खालच्या सुरांचा लो-पास, मधल्या पट्ट्याचा बँड-पास आणि वरच्या सुरांचा हाय-पास. वाटतं, आत तीन फिल्टर शेजारी शेजारी बसवले असावेत. प्रत्यक्षात तिथे एकच हालचाल असते आणि ती तीन जागी मोजलेली असते.

झोपाळा डोळ्यांसमोर आणावा. कोणत्याही क्षणी त्याची जागा, वेग आणि त्वरण या तिन्ही गोष्टी सांगता येतात. अगदी संथपणे ढकललं, तर झोपाळा हाताबरोबर सरकतो. म्हणजे जागा हाताच्या बळाचं अनुकरण करते. फार भराभर धक्के दिले, तर तो जागचा हलतच नाही, त्याला नुसते हिसके बसतात. तिथे बळाबरोबर चालतं ते त्वरण. आणि त्याच्या स्वतःच्या लयीत ढकललं की वेग सर्वाधिक होतो. जागा म्हणजे लो-पास, त्वरण म्हणजे हाय-पास, वेग म्हणजे बँड-पास.

सर्किट हेच गणित व्होल्टेजमध्ये करतं. पहिला ऑप-अ‍ॅम्प बेरीज करून त्वरण ठरवतो. दुसरा इंटिग्रेटर, म्हणजे काळानुसार साठवत जाणारा. तो त्वरणातून वेग काढतो. तिसराही इंटिग्रेटरच, तो वेगातून जागा काढतो. मग जागा आणि वेग या दोन्हींचा काही भाग पहिल्या ऑप-अ‍ॅम्पकडे परत जातो. जागेचा परतावा झोपाळ्याला मध्याकडे ओढतो, तर वेगाचा परतावा घर्षणासारखा आवर घालतो.

लय ठरते इंटिग्रेटरच्या रेझिस्टर-कपॅसिटरवरून: f = 1/(2πRC). दोन्हीकडे 10 नॅनोफॅरडचे कपॅसिटर आणि 15.9 किलोओहमचे रेझिस्टर लावले, तर 1 किलोहर्ट्झ मिळतो. त्या जागी 1.5 किलोओहमच्या ठरावीक रेझिस्टरसोबत 100 किलोओहमचा जोड-पॉट, म्हणजे एकाच दांड्यावर फिरणारे दोन पॉट, बसवला की एक खुंटी पिळून साधारण 157 हर्ट्झपासून 10.6 किलोहर्ट्झपर्यंत जाता येतं. दोन पॉट एकमेकांशी अगदी जुळले नाहीत, तरी काम अडत नाही. दोन रेझिस्टरच्या गुणाकाराचं वर्गमूळ चालतं आणि तीक्ष्णता किंचित हलते.

ही तीक्ष्णता म्हणजे क्यू. ती घर्षणावर अवलंबून असते आणि तिचे रेझिस्टर वेगळे असतात. बेरजेचे तिन्ही रेझिस्टर सारखे असतील, तर वेगाचा सिग्नल दोन रेझिस्टरच्या विभाजकातून पहिल्या ऑप-अ‍ॅम्पच्या अधिक टोकाला दिला जातो, आणि Q = (1 + Ra/Rb)/3. Rb 1 किलोओहम आणि Ra 29 किलोओहम घेतला की क्यू बरोबर 10 येतो. लय मात्र जागची हलत नाही. या रचनेचं खरं देणं हेच आहे. एकाच ऑप-अ‍ॅम्पच्या पुष्कळ फिल्टरांत एक गोष्ट बदलायला गेलं की दुसरीही सरकते.

संगीतात याचा उपयोग लवकरच झाला. टॉम ओबरहाइम यांच्या 1974 च्या सिंथेसायझर मॉड्यूलमध्ये याच जातीचा फिल्टर आहे. त्याची खुंटी लो-पासपासून हाय-पासपर्यंत फिरते आणि मधोमध आल्यावर एक सूर गाळून टाकते. कारण लयीच्या नेमक्या ठिकाणी जागा आणि त्वरण बरोबर विरुद्ध दिशांना असतात. दोन्ही मिसळले की एकमेकांना खाऊन टाकतात.

बांधणाऱ्याला पहिला फटका बसतो तो व्होल्टेजचा. क्यू 10 असताना लयीच्या ठिकाणी तिन्ही आउटपुट इनपुटच्या दहापट होतात. एक व्होल्ट दिला की दहा व्होल्ट येतात, आणि अधिक-उणे 12 व्होल्टवर चालणाऱ्या ऑप-अ‍ॅम्पला त्याहून फार पुढे जाता येत नाही. अशा वेळी ऑसिलोस्कोप आधी हाय-पासवर लावावा. तिथे लाटेचे माथे कापलेले स्पष्ट दिसतात. पुढचे इंटिग्रेटर त्याच लाटेला गोलाई देतात, त्यामुळे लो-पासवर सगळं ठीक असल्याचा भास होतो.

इनपुट काढल्यावरही सर्किट आपल्याच लयीत घुमत असेल, तर वेगाची तार बहुधा चुकीच्या टोकाला गेलेली असते. घर्षणाच्या जागी उलट ढकलणं सुरू होतं. जोडणी बरोबर असूनही वरच्या फ्रिक्वेन्सीला हेच घडलं, तर दोष ऑप-अ‍ॅम्पच्या मंदपणाचा असतो. प्रत्येक टप्प्यावर थोडा उशीर होतो, त्या उशिरांची बेरीज घर्षण खाऊन टाकते आणि मोजलेला क्यू हिशेबापेक्षा जास्त निघतो. तिथे रेझिस्टर बदलत बसण्यापेक्षा अधिक वेगवान ऑप-अ‍ॅम्प घेणंच योग्य.