शनिवारी किती वाजता?

फोनवर मेल येतो तेव्हा सगळ्यात आधी दिसते ती पडद्यावरची सूचना. तिच्यात पाठवणाऱ्याचे नाव असते, विषयाचे पाच-सहा शब्द असतात आणि जागा उरलीच तर मजकुराची सुरुवात असते. मेल आत्ता उघडायचा की रात्री, हे वाचणारा तेवढ्यावरच ठरवतो. बैठकीची, भेटीची किंवा तपासणीची वेळ कळवणारा मेल लिहिताना हा चिमुकला तुकडाच आधी डोळ्यांसमोर आणायला हवा.

एका गृहनिर्माण संस्थेचे उदाहरण घेऊ. इमारत जुनी झाली आहे, स्ट्रक्चरल ऑडिट ठरले आहे आणि अभियंते घरोघरी येऊन पाहणी करणार आहेत. सचिव सगळ्यांना मेल पाठवतात. विषय असतो ‘सूचना’ आणि मजकूर असा सुरू होतो: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, दिनांक ३१ मे रोजी झालेल्या समितीच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे...’ पाहणी १४ जूनला आहे, पण ती तारीख तिसऱ्या परिच्छेदात येते. सूचनेत एखादी तारीख दिसलीच तर ती ३१ मे, म्हणजे होऊन गेलेली. घाईत असलेला सभासद हा जुन्या बैठकीचा वृत्तांत समजून पुढे जातो. शनिवारी अभियंते येतात तेव्हा कितीतरी दारांना कुलूप असते.

तोच मेल असाही लिहिता येतो:

विषय: शनि. १४ जून, स. १० ते दु. १: बी विंग पाहणी

शनिवार, १४ जून, सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत कोणीतरी घरी थांबा.

अभियंते प्रत्येक घराचे छत, बाथरूम आणि बाल्कनी पाहतील. एका घराला साधारण दहा मिनिटे लागतील.

घरी कोणीच नसेल तर शुक्रवारी रात्री ९ पर्यंत किल्ली सचिवांकडे द्या.

बैठकीचा वृत्तांत सोबत जोडला आहे.

इथे ठळक केलेली ओळ एकच आहे. किल्लीची मुदतही ठळक करावी असा मोह होतो, पण ती ओळ थोड्याच घरांसाठी आहे, वरची सगळ्यांसाठी. दोन्ही ठळक केल्या की नजर कुठे थांबायचे ते ठरवू शकत नाही आणि शुक्रवारचे ९ हीच पाहणीची वेळ वाटू शकते. कोणती ओळ निवडायची याची कसोटी सोपी आहे: जी चुकली तर बाकीचा मेल वाचून उपयोग नाही, ती. बैठकीच्या निमंत्रणात ती दिवस आणि वेळ असते. सोयीची वेळ विचारणाऱ्या मेलमध्ये मात्र ती उत्तर देण्याची शेवटची तारीख असते.

ठळक अक्षरांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. पडद्यावरच्या सूचनेत ती साधीच दिसतात आणि मेल साध्या मजकुराच्या रूपात उघडला तर ठळकपणा नाहीसा होतो. लाल रंग फोनच्या डार्क मोडमध्ये वेगळाच दिसू शकतो. म्हणून ती ओळ सगळ्यात वर, स्वतंत्र, आगेमागे मोकळी जागा सोडून लिहावी. सजावट गेली तरी जागेमुळे ती सापडते. ‘उद्या’ किंवा ‘येत्या शनिवारी’ असेही लिहू नये, कारण मेल दोन दिवसांनी उघडला की त्याचा अर्थ बदलतो. वार आणि तारीख दोन्ही द्यावीत. त्यातली एक लिहिताना चुकली, तर दुसरीमुळे निदान शंका तरी येते.

खरा घोळ होतो तो वेळ बदलते तेव्हा. समजा पाहणी रविवारवर गेली. सचिव जुन्याच मेलला उत्तर म्हणून ‘कृपया बदल लक्षात घ्यावा’ असे लिहितात. पण वर विषय अजून ‘शनि. १४ जून’ हाच राहतो आणि नवा मजकूर जुन्या संभाषणात जाऊन बसतो. अशा वेळी नवा मेलच लिहावा. विषय: ‘बदल: आता रवि. १५ जून, स. १०’. आत ठळक ओळीत फक्त नवी वेळ असावी आणि जुनी रद्द झाल्याचे खालच्या साध्या ओळीत सांगावे. दोन्ही वेळा शेजारी-शेजारी आल्या की घाईत भलतीच लक्षात राहते.

प्रत्येक मेल असा आटोपशीर करता येत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीला विषयपत्रिका लागते, ती कापून चालणार नाही. ती पूर्ण जोडावी, पण दिवस, वेळ आणि जागा मेलच्या मजकुरातच लिहावी. नोटिशीचा फोटो काढून तेवढाच पाठवला तर फोनवर बोटांनी मोठा करून वाचावा लागतो आणि नंतर तारीख शोधायला गेले तर शोधात सापडेलच याची खात्री नसते.

पाठवण्याआधी मेल स्वतःच्या फोनवर पाठवून पाहावा. पडदा लॉक असताना दिवस दिसतो का? उघडल्यावर बोट न सरकवता वेळ सापडते का? उत्तर हवे असेल तर तेही एका बोटाने देता यावे: पर्यायांना १, २, ३ असे आकडे द्यावेत, म्हणजे रांगेत उभा असलेला सभासद नुसते ‘२’ लिहून मोकळा होतो.